लटक्या शब्दांची टाकसाळ

हर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने १८७९ च्या सुमारास एक विलक्षण काम हाती घेतले. दोन व्यंजने घ्यायची, मधे एक स्वर बसवायचा आणि एक छोटासा निरर्थक तुकडा तयार करायचा. झोफ, नुश, हेब या धर्तीचा. असे सुमारे २,३०० तुकडे त्याने तयार केले. मग ते चिठ्ठ्यांसारखे मिसळून त्यांतून हाताला येतील तसे काढायचे, त्यांची ओळ लावायची आणि मिनिटाला १५० ठोके पडतील अशा ठेक्यात ती ओळ न अडखळता म्हणता येईपर्यंत वाचत राहायचे. प्रयोग करणाराही तोच आणि ज्याच्यावर प्रयोग व्हायचा तोही तोच. माणूस किती वेळात किती विसरतो, याचा पहिला मोजून काढलेला आलेख या कंटाळवाण्या कष्टांतून निघाला आणि १८८५ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला.

निरर्थक तुकडेच का, याचे उत्तर त्याच्याच एका तुलनेत आहे. बायरनच्या ‘डॉन हुआन’ या काव्याची कडवीही त्याने त्याच पद्धतीने पाठ केली. एका कडव्यात उच्चाराचे सुमारे ८० अवयव असत आणि ते आठ-नऊ वाचनांत पाठ होई. तेवढ्याच लांबीच्या निरर्थक तुकड्यांना सत्तर-ऐंशी वाचने लागली असती, असा त्याचा हिशेब होता. अर्थ, यमक, छंद आणि आधीची ओळख यांनी पाठांतराचे नऊ दशांश कष्ट परस्पर उचलले होते. स्मरणशक्ती म्हणून जे मोजायचे, ते या सगळ्यांच्या खाली दडलेले होते. सगळ्यांना सारखेच अनोळखी असे काहीतरी हवे होते आणि ते भाषेत मिळणार नव्हते; घडवावेच लागणार होते.

पण त्याच पुस्तकात एबिंगहाउसने एक प्रामाणिक नोंद करून ठेवली आहे. हे तुकडे वाटले होते तितके एकसारखे नाहीत. काही ओळी चटकन पाठ होतात, काही हटून बसतात आणि फरक कशामुळे पडतो ते कळत नाही. पुढची जवळपास दीडशे वर्षे अभ्यासक या एका वाक्याची उकल करत आहेत.

पहिले ठळक उत्तर १९२८ मध्ये आले. ग्लेझ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने व्यंजन-स्वर-व्यंजन अशा दोन हजारांहून अधिक तुकड्यांची यादी केली आणि १५ विद्यार्थ्यांना एकेक तुकडा काही क्षण दाखवून विचारले, यावरून काही आठवते का? काही तुकड्यांवर पंधराच्या पंधरा जणांना काहीतरी आठवले, काहींवर एकालाही नाही. म्हणजे ज्यांना सरसकट निरर्थक म्हटले जात होते त्यांच्यात अर्थाचा अंश कमीजास्त होता आणि तो मोजताही येत होता.

त्यापुढचे उत्तर लहान मुलांकडून मिळाले. इंग्लंडमध्ये सुझन गॅदरकोल आणि ॲलन बॅडली यांच्या गटाने मुलांची ध्वनिस्मृती तपासण्यासाठी ४० लटक्या शब्दांची एक चाचणी बनवली. दोन ते पाच अवयवांचे शब्द, प्रत्येक लांबीचे दहा. मुलाने शब्द ऐकायचा आणि लगेच तसाच म्हणायचा. त्यांत ‘कॉन्ट्रॅम्पोनिस्ट’सारखा शब्द आहे. तो कोणत्याही कोशात नाही, पण त्याचे डोके आणि शेपूट इंग्रजी बोलणाऱ्याला पाठ आहेत. गॅदरकोल यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले की जे लटके शब्द खऱ्या शब्दांसारखे वाटतात, ते चार-पाच वर्षांची मुले अधिक अचूक म्हणतात. जे तसे वाटत नाहीत तिथे जास्त चुका होतात. एकाच चाचणीतले काही शब्द ताजी स्मृती तपासत होते आणि काही शब्द मुलाला आधीच येणारी भाषा तपासत होते.

म्हणून आज लटका शब्द नुसता निरर्थक असून भागत नाही. तो एखाद्या ठरावीक खऱ्या शब्दाचा जोडीदार असावा लागतो. त्याची लांबी जोडीदाराएवढी, अवयव तेवढेच, अक्षरे एकमेकांना त्याच रीतीने लागलेली. फरक एवढाच की एक शब्द भाषेत आहे आणि दुसरा नाही. ही जोडी नीट जमली तर प्रयोगात दिसणारा फरक ओळखीमुळेच आला असे म्हणता येते. चार्ल्स ह्यूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये हेच केले. कानावर पडलेल्या शब्दांची ओळ माणूस कितीपर्यंत जशीच्या तशी म्हणू शकतो, हे त्यांनी खऱ्या आणि लटक्या शब्दांसाठी वेगवेगळे मोजले. म्हणायला जास्त वेळ लागणारे शब्द दोन्हीकडे कमीच लक्षात राहिले. पण तेवढ्याच वेळात म्हणून होणारे लटके शब्द खऱ्या शब्दांपेक्षा कमी लक्षात राहिले. हा उरलेला फरक म्हणजे मनात कायमच्या साठलेल्या शब्दसंग्रहाने ताज्या स्मृतीला दिलेला हात. शब्दाचा अर्धामुर्धा ठसा उरला असला, तरी तो शब्द ओळखीचा असेल तर मन बाकीचा भरून काढते. लटक्या शब्दाच्या बाबतीत भरून काढायला काही नसते.

ही जोडी जमवायची कशी?

सर्वांत साधा उपाय म्हणजे खऱ्या शब्दातले एखादे अक्षर बदलणे. दुसरा, अक्षरांची उलथापालथ करणे. तिसरा, शब्दांचे तुकडे करून ते एकमेकांना जोडणे. तिन्ही उपाय वर्षानुवर्षे वापरले गेले आणि तिन्हींत एकच खोट राहिली: शब्द घडवणाऱ्याच्या हाताची सवय यादीत उतरते. एकजण नकळत पहिलेच अक्षर बदलत राहतो, दुसऱ्याला विचित्र जोडाक्षरे आवडतात. प्रयोगातल्या माणसाला ही सवय पाच-दहा शब्दांत कळते आणि मग तो शब्द न वाचताच त्याच्या घडणीवरून खरा-खोटा ठरवू लागतो.

बेल्जियममधील गेंट विद्यापीठातले इमॅन्युएल क्युलीर्स आणि मार्क ब्रिसबर्ट यांनी २०१० मध्ये ‘वगी’ नावाचा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला, तो या सवयीला आळा घालण्यासाठी. त्याची पद्धत समजायला सोपी आहे. भाषेतल्या सगळ्या शब्दांचे अवयव पाडायचे आणि प्रत्येक अवयवाचे तीन भाग करायचे: सुरुवातीची व्यंजने, मधला स्वर आणि शेवटची व्यंजने. कोणत्या भागानंतर कोणता भाग किती वेळा येतो, याची साखळी तयार करायची. मग खरा शब्द साचा म्हणून द्यायचा. प्रोग्रॅम त्या साखळीवरून चालत नवे शब्द काढतो. त्यातले बहुतेक भाग साच्यातलेच राहतात, साधारण एक तृतीयांश बदलतात आणि जे बदलतात त्यांचे शेजाऱ्यांशी असलेले सांधेही मूळ सांध्यांइतकेच वापरातले असतात. इंग्रजी ‘मिल्क’मध्ये म, इ, ल्क असे तीन भाग आहेत; एक बदलला की ‘पिल्क’ मिळतो. तो उच्चारता येतो, इंग्रजी वाटतो आणि अर्थ मात्र काही नाही.

वगी आला तेव्हा त्यात सात भाषा होत्या: डच, इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, सर्बियन आणि बास्क. मराठी त्यांत नव्हती. मराठीत हेच करायला बसलेल्या अभ्यासकाला पहिली अडचण शब्द बनवण्याची येत नाही. ती त्याच्या कितीतरी आधी, ‘लांबी सारखी’ म्हणजे काय या साध्या प्रश्नापाशी येते.

‘पुस्तक’ हा शब्द घ्या. शाळेत शिकलेला कुणीही सांगेल की तो तीन अक्षरी आहे: पु, स्त, क. म्हणायला गेले तर ‘पुस्‌-तक्‌’, म्हणजे दोनच अवयव. आणि संगणकाला विचारले तर तो सहा म्हणतो, कारण त्याच्या लेखी प, उकार, स, हलन्त, त आणि क ही सहा वेगळी चिन्हे आहेत. ‘खिडकी’सुद्धा तीन अक्षरी आणि उच्चारात ‘खिड-की’ असा दोन अवयवांचा. पण संगणकाच्या मोजणीत पाच. ‘बटाटा’ही तीन अक्षरी आणि संगणकाला पाच, पण उच्चारात तीन अवयव, कारण त्यातला एकही स्वर गळत नाही. नुसत्या संगणकी लांबीवर भरवसा ठेवून जोड्या लावल्या, तर खिडकीसमोर बटाट्याच्या चालीचा शब्द येऊन बसेल आणि म्हणायला लागणारा वेळच बदलेल.

म्हणून आधी शब्द अक्षरांत तोडावा लागतो. पायथन भाषेत ते काम दोन-तीन ओळींत होते:

```python
import re
AKSHAR = re.compile(
    r'(?:[क-ह]्)*[क-ह][ािीुूृेैोौॅॉ]?[ंः]?|[अ-औ][ंः]?')

print(len('पुस्तक'))             # 6
print(AKSHAR.findall('पुस्तक'))  # ['पु', 'स्त', 'क']
```

पहिला भाग म्हणतो, हलन्त लागलेली व्यंजने कितीही असोत, त्यांच्यामागे एक पूर्ण व्यंजन, त्याला हवी तर मात्रा आणि हवा तर अनुस्वार किंवा विसर्ग. दुसरा भाग सुट्या स्वरांसाठी. उच्चारातले अवयव मात्र इतक्या सहज मिळत नाहीत. शब्दाच्या शेवटचा अ मराठीत बहुतेकदा गळतो आणि मधला अ कधी गळतो, कधी नाही; ‘खिडकी’तला गळतो, ‘गवत’मधला गळत नाही. यादी शंभर-दोनशे शब्दांची असेल तर प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणून अवयव हाताने लिहिणे हाच भरवशाचा मार्ग.

आता साचा म्हणून ‘खिडकी’च घेऊ आणि तिचा जोडीदार घडवू.

समजा, कोणतेही बंधन न घालता तीन अक्षरे जुळवायची ठरवली. ङ आणि ञ सोडले तर ३२ व्यंजने उरतात. त्यांना अ ते औ असे दहा स्वर लावले की ३२० साधी अक्षरे होतात. तीन अक्षरी जुळण्या होतील ३ कोटी २७ लाख ६८ हजार. त्यांतल्या बहुसंख्य जुळण्या मराठी कानाला शब्दच वाटत नाहीत. ‘ळिणुखौ’ हा तीन अक्षरी आहे, पण ळ मराठी शब्दाच्या आरंभी येत नाही आणि तीन अक्षरांत तीन आडमुठे सांधे आहेत. असा शब्द जोडीदार म्हणून ठेवला तर तो कमी लक्षात राहील हे प्रयोगाशिवायही सांगता येते आणि तो अनोळखी म्हणून विसरला की उच्चारायला अवघड म्हणून विसरला, ते प्रयोगानंतरही सांगता येत नाही.

म्हणून सुट्या अक्षरांऐवजी सांधे मोजायचे. मराठी शब्दांच्या मोठ्या यादीत इकारान्त व्यंजनाने सुरू होणारे, मधे स्वर गळणारे आणि ईकाराने संपणारे शब्द काढले की खिडकीचे कुटुंब दिसू लागते: फिरकी, गिरकी, चिमणी, चिमटी, टिचकी. या कुटुंबाच्या सांध्यांवरून नवे शब्द काढायचे. खिडकीचे पाच भाग आहेत: ख, इ, ड, क, ई. त्यांतले तीन तसेच ठेवून दोन बदलायचे. शेवटचा ईकार हलवायचा नाही, कारण मराठी वाचक त्यावरून शब्दाचे लिंग ओळखतो. खिडकीसमोर आकारान्त शब्द ठेवला तर तो पुल्लिंगी भासेल. ड ठेवायचा, इ ठेवायची, ख आणि क बदलायचे.

इथे शुद्धलेखनही आपला वाटा मागते. १९६२ च्या लेखननियमांनुसार शब्दाच्या शेवटचा इकार किंवा उकार दीर्घ लिहितात. अकारान्त मराठी शब्दात शेवटच्या अक्षराआधीचा इकार-उकारही दीर्घ असतो: वीट, फूल, जमीन. सर्व मात्रा समान मानून त्या अदलाबदल करणारा प्रोग्रॅम ‘थिडपि’ किंवा ‘रिट’ असे शब्द काढील. वाचक ते नवे शब्द म्हणून वाचणार नाही. छपाईची चूक म्हणून तिथे थबकेल. पडद्यावर एक सेकंद दिसणाऱ्या शब्दासाठी हे थबकणे फार मोठे आहे. च, ज आणि झ यांची वेगळी पंचाईत. ‘चमचा’तला च आणि ‘चिमटा’तला च वेगळे आहेत, पण लिहिताना एकच. लटक्या शब्दात च आला की प्रत्येक वाचक आपल्या मनाने एक उच्चार निवडतो आणि एका यादीच्या दोन याद्या होतात. काही जागी संदर्भ उच्चार ठरवून देतो, पण शंका असेल तिथे ही तीन अक्षरे टाळलेली बरी.

एवढी गाळणी लावल्यावरही हाताशी येणाऱ्या शब्दांत सापळे असतात आणि ते फक्त मराठी माणसालाच दिसतात. खिडकीच्या साच्यातून निघू शकणारे काही उमेदवार पाहा.

‘दिडकी’ कानाला छान निरर्थक वाटते, विशेषतः विशीतल्या वाचकाला. पण ते जुन्या काळातले किरकोळ किमतीचे नाणे आहे आणि आजी-आजोबांच्या बोलण्यात ते अजून खणखणते. प्रयोगात दोन्ही वयाची माणसे असतील तर एकाच शब्दाने एका गटाला मदत होईल आणि दुसऱ्याला होणार नाही. म्हणून नवे कोश पुरत नाहीत. मोल्सवर्थचा १८५७ चा कोशही चाळावा लागतो आणि शिकागो विद्यापीठाच्या संग्रहामुळे तो संगणकावर शोधता येतो.

‘झिडकी’ मराठी कोशात नसेल, तरी ‘झिडकारणे’ आहे आणि हिंदीत हा शब्द झापणे या अर्थाने रोजचा आहे. महाराष्ट्रात हिंदी न ऐकलेला प्रौढ वाचक सापडणे कठीण. मराठीसाठी घडवलेला लटका शब्द म्हणून हिंदीत, इंग्रजीत आणि जमल्यास कोकणी-गुजरातीतही तपासावा लागतो.

‘चिडवी’ कोशात शोधली तर मिळणार नाही, कारण कोश ‘चिडवणे’ देतो. पण ‘तो तिला रोज चिडवी’ या वाक्यात ती सुखाने नांदते. मराठी क्रियापदाची आणि नामाची रूपे इतकी आहेत की नुसती कोशातल्या शीर्षकांची यादी तपासून चालत नाही. पुस्तकांतला आणि वर्तमानपत्रांतला वाहता मजकूर तपासावा लागतो. ला, ने, चा, त यांनी संपणारा शब्द वाचक लगेच प्रत्यय सोडवून वाचतो आणि ‘कर’ने संपणारा शब्द त्याला आडनाव वाटतो.

‘खिरपी’ला अर्थ नाही, पण ती ‘खुरपी’पासून एका मात्रेवर उभी आहे. अशा शब्दाची चूक नंतर उघडकीला येते. प्रयोगातल्या माणसांना ऐकलेले शब्द लिहायला सांगितले की बरेच जण ‘खुरपी’ लिहितात. चुका विखुरलेल्या असतील तर शब्द विसरला गेला असे समजावे; सगळ्या चुका एकाच खऱ्या शब्दाकडे वळत असतील तर लोकांनी लटका शब्द ऐकलाच नव्हता.

आणि ‘बिडकी’. हा सापळा इंग्रजीसाठी लिहिलेल्या कोणत्याही मार्गदर्शकात सापडणार नाही. मराठीला लटके शब्द पाडायची स्वतःची टाकसाळ आहे आणि ती रोज चालू असते: चहा-बिहा, घर-बिर, पुस्तक-बिस्तक, खिडकी-बिडकी. पहिल्या अक्षराच्या जागी ‘बि’ बसवला की ‘वगैरे’ या अर्थाचा जोडशब्द तयार होतो. ‘बिडकी’ला एकट्याने काही अर्थ नसला, तरी तिच्यामागे खिडकी उभी आहे हे तीन वर्षांच्या मुलालाही कळते. शब्दाचे पहिलेच अक्षर बदलणारा प्रोग्रॅम असे शब्द हमखास काढतो. ‘बि’ने सुरू होणारा प्रत्येक उमेदवार म्हणून वेगळा काढून त्याच्यामागे कोणता खरा शब्द लपला आहे ते पाहावे लागते.

या चाळणीतून ‘थिडपी’ उतरते. खसारखाच थ महाप्राण आणि अघोष आहे. कसारखाच प अल्पप्राण आणि अघोष. ‘थि’ची सुरुवात थिटा, थिजणे, थिगळ यांमुळे ओळखीची आहे, जरी ‘खि’पेक्षा थोडी कमी. ड आणि प यांचा सांधा दडपण आणि झडपणे यांत आहे. पीने संपणारी टोपी घराघरांत आहे. अक्षरे तीन, उच्चारात ‘थिड-पी’ असे दोन अवयव, संगणकी चिन्हे पाच. प्रत्येक सांधा मराठी आणि सगळी मिळून काहीच नाही. त्याच रीतीने ‘डोंगर’साठी ‘मोंदर’ काढता येतो: अनुस्वार जागच्या जागी, शेवटचा र तसाच, अक्षरे तीन, चिन्हे पाच.

तरी एक मोजणी उरते. एखादा शब्द भाषेतल्या किती शब्दांच्या शेजारी राहतो, यावरही तो किती सहज आठवेल हे ठरते. एक अक्षर बदलून मिळणारे शब्द मोजायची पद्धत मॅक्स कोल्टहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये रूढ केली. खिडकीला ‘दिडकी’ ही अशी शेजारीण आहे, थिडपीला एकही नाही. पण लांब शब्दांना असे शेजारी बहुधा नसतातच आणि शून्याची शून्याशी तुलना करून काही कळत नाही. म्हणून २००८ पासून दुसरे माप वापरतात: त्या शब्दापासून सर्वांत जवळचे वीस खरे शब्द शोधायचे, प्रत्येकापर्यंत पोचायला किती बदल करावे लागतात ते मोजायचे आणि सरासरी काढायची. खऱ्या शब्दांच्या यादीची ही सरासरी आणि लटक्या यादीची सरासरी जवळजवळ सारखी आली पाहिजे. लटक्या शब्दांची सरासरी बरीच मोठी निघाली, तर ते भाषेच्या वस्तीपासून दूर, माळावर पडले आहेत असे समजून नवे उमेदवार घ्यायचे.

शब्द सुटे-सुटे चांगले असूनही यादी बिघडू शकते. थिडपी, थिरपी, थिडमी हे तिन्ही एका ओळीत आले तर लोक ते एकमेकांत मिसळतील, कारण सारख्या आवाजाचे शब्द क्रमाने लक्षात ठेवणे खऱ्या शब्दांतही जड जाते. एकाच साच्यातून दहा शब्द निघाले म्हणून दहाही वापरायचे नसतात. साच्यामागे एक ठेवायचा.

शेवटची परीक्षा माणसांची. प्रयोगात भाग न घेणारे वीसेक मराठी वाचक पुरतात. त्यांच्यासमोर शब्द एकेक करून ठेवायचे आणि ग्लेझने विचारला तोच प्रश्न विचारायचा: यावरून काही आठवते का? सोबत दुसरा: हा शब्द मराठीत असू शकेल असे एक ते पाचपैकी किती वाटते? आणि तिसरे काम, शब्द मोठ्याने म्हणायचा. ज्या शब्दावर चौघा-पाचांनी एकच खरा शब्द सांगितला तो काढायचा. जो दोन रीतींनी म्हटला गेला तोही काढायचा. कुणी हसले तर कारण विचारायचे. यंत्र शिव्याही तितक्याच निर्विकारपणे घडवते आणि शिवीच्या जवळ जाणारा शब्द यादीतला सगळ्यात पक्का लक्षात राहतो.

यादी इतकी सांभाळून केली, तरी सवयीची खूण राहिली आहे का हे तपासायची एक युक्ती क्युलीर्स आणि ब्रिसबर्ट यांनी २०११ मध्ये सुचवली. अर्थाचा गंधही नसलेल्या एका साध्या प्रोग्रॅमला प्रयोगातले शब्द क्रमाने दाखवायचे. नवा शब्द आला की त्याने आधी दाखवलेल्या शब्दांत त्याच्या सर्वांत जवळचे कोणते ते पाहायचे आणि ते खरे होते की लटके यावरून नव्याचा अंदाज करायचा. दोन्ही याद्या खरोखर जुळलेल्या असतील तर अंदाज नाणे उडवल्यासारखा अर्धा-अर्धा चुकेल. प्रोग्रॅम त्याहून बराच बरोबर ठरला तर शब्दांच्या नुसत्या रूपातच उत्तर लिहिलेले आहे आणि माणसालाही ते वाचता येईल. प्रसिद्ध प्रयोगांच्या शब्दयाद्यांवर ही परीक्षा लावल्यावर त्यांतल्या काही उघड्या पडल्या.

जुळणी अगदी उत्तम झाली की वेगळाच परिणाम दिसतो. १९९८ मध्ये ब्रूस व्हिटलसी आणि लिसा विल्यम्स यांनी तीन प्रकारचे शब्द शिकवले: नेहमीचे खरे शब्द, ‘हेन्शन’सारखे सहज वाचता येणारे लटके शब्द आणि जिभेला अडणारे विचित्र शब्द. मग नवे-जुने मिसळून विचारले, यातला कोणता आधी पाहिला होता? कधीच न दाखवलेला शब्द ‘पाहिला होता’ असे म्हणण्याची चूक सर्वांत जास्त झाली ती ‘हेन्शन’च्या प्रकारात. अभ्यासकांची मीमांसा अशी की असा शब्द वाचताना जीभ अडखळत नाही, अर्थ मात्र हाती लागत नाही. इतका सहज का वाचता आला याचे कारण मन शोधते आणि ‘मघाशी पाहिला असेल’ असे ठरवते. ज्या सफाईसाठी एवढी धडपड केली, तीच खोटी ओळख निर्माण करते. त्यामुळे ऐकलेली ओळ क्रमाने म्हणायच्या प्रयोगात थिडपी जेवढी चांगली, तेवढीच ‘ओळखीचा की नवा’ या प्रयोगात ती जपून वापरावी लागते. तिथे शिकवलेले शब्द किती ओळखले एवढेच न पाहता, न शिकवलेल्या किती शब्दांना ‘हो’ म्हटले तेही वजा करावे लागते.

आणि एवढ्या कष्टाने घडवलेला शब्द फार काळ टिकत नाही. ह्यूम यांच्याच अभ्यासात इंग्रजी बोलणाऱ्यांना इटालियन शब्दांच्या ओळी म्हणायला लावल्या होत्या. त्या शब्दांचे अर्थ शिकवल्यावर लोक जास्त लांब ओळी म्हणू लागले. लटक्या शब्दाशीही माणसाची अशीच ओळख होत जाते. पहिल्या दिवशी ऐकलेला शब्द आठवड्याने पुन्हा दिला तर तो त्या माणसापुरता पूर्वीसारखा निरर्थक उरत नाही. म्हणून दुसऱ्या बैठकीसाठी दुसरी यादी लागते, तिसऱ्यासाठी तिसरी आणि प्रत्येक यादीला वर सांगितलेल्या सगळ्या चाळण्या पुन्हा लावाव्या लागतात. मराठीत कुणी असा प्रयोग मांडलाच, तर ज्यांनी हे प्रकरण वाचले आहे त्यांच्यासाठी खिडकीचा दुसरा जोडीदार शोधावा लागेल.